परवानगीला पाच महिने लागले, हे मॅडमना कसे लिहू?

*मी सांगलीत समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. निरीक्षणगृहातील मुलांचा दिनक्रम आणि त्यांचे अनुभव हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय आहे. परवानगीचा अर्ज मी २५ ऑगस्टला जिल्हा कार्यालयात दिला. ९ ऑक्टोबरला त्रुटीपत्र आले. त्याची पूर्तता करायला मला जवळपास महिना लागला. शेवटी परवानगी २८ जानेवारीला हाती पडली. आता फेब्रुवारीचा मध्य आहे, बारापैकी चारच मुलाखती झाल्या आहेत आणि लघुप्रबंध १५ मार्चला सादर करायचा आहे. मार्गदर्शक मॅडमना मुदतवाढीसाठी ईमेल लिहायचा आहे, पण लिहिते आणि खोडते. त्यांना मी कामचुकार वाटेन अशी भीती वाटते. मैत्रिणी म्हणतात, सरकारी कार्यालयाचे नाव कशाला घेतेस, आजारपणाचा दाखला जोड आणि मोकळी हो. मसुदा सोबत पाठवत आहे. काय करू?*

*— एक विद्यार्थिनी, सांगली*

आजारपणाच्या दाखल्याचा विषय आधी निकालात काढू. खोटे बोलू नये हे तुम्हाला कोणी सांगायला नको, म्हणून त्यातली व्यावहारिक अडचण तेवढी सांगतो. तुमच्या लघुप्रबंधाच्या परिशिष्टात परवानगी पत्राची प्रत जोडावी लागेल आणि त्या प्रतीवर जावक क्रमांकाशेजारी २८ जानेवारी ही तारीख असेल. तोंडी परीक्षेला येणारे बहिःस्थ परीक्षक अशा विषयाच्या प्रबंधात अनेकदा पहिल्यांदा तेच पान उघडतात, कारण मुलांपर्यंत तुम्ही रीतसर पोहोचलात की नाही हे त्यांना पाहायचे असते. मुदतवाढीच्या कागदावर आजारपण आणि परिशिष्टात उशिरा आलेली परवानगी अशा दोन कहाण्या एकाच फाइलमध्ये राहिल्या, तर त्यांचा मेळ घालण्याची वेळ तुमच्यावर येण्याआधी तुमच्या मॅडमवर येईल. शिवाय खरे कारण खोट्यापेक्षा कितीतरी भक्कम असताना ते लपवण्यात शहाणपण नाही.

ते भक्कम का आहे, हे तुमच्या मसुद्यात कुठेच आलेले नाही. 'काही तांत्रिक अडचणींमुळे तथ्यसंकलनास विलंब झाला' असे तुम्ही लिहिले आहे. असे वाक्य गेल्या दहा वर्षांतल्या मुदतवाढीच्या कोणत्याही अर्जात सापडेल. तुमच्या बाबतीत उशीर कसा झाला ते सरळ मांडा. निरीक्षणगृहात असलेल्या मुलांवर गुन्ह्याचा आरोप असतो आणि बाल न्याय मंडळासमोरची चौकशी चालू असेपर्यंत ती तिथे असतात. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३ मध्ये जी मूलतत्त्वे दिली आहेत, त्यांत मुलाच्या खासगीपणाचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे. कलम ९९ नुसार मुलाविषयीचे अहवाल गोपनीय मानायचे असतात. त्यामुळे बाहेरच्या माणसासाठी या संस्थेचे दार मुळातच बंद असते. अधीक्षक कितीही सहृदय असले, तरी ते स्वतःच्या अधिकारात तुम्हाला मुलांसमोर बसवू शकत नाहीत. म्हणूनच तुमचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडून पुण्याच्या आयुक्तालयाकडे गेला. या रचनेत लागलेला वेळ हा त्या मुलांच्या संरक्षणाचाच भाग आहे आणि विषय निवडतानाच तो गृहीत धरायला हवा होता. हे तुम्हाला जितके लागू आहे, तितकेच संशोधन आराखडा मंजूर करणाऱ्या विभागालाही लागू आहे. अर्थात ते ईमेलमध्ये लिहू नका.

त्रुटी दूर करायला लागलेला तुमचा महिना मात्र लिहा. तो लपवता येणार नाही, कारण त्रुटीपत्राची तारीख आणि पूर्ततेची पोच, दोन्हींवर शिक्के आहेत. एका वाक्यात लिहा आणि पुढे जा. मुलाखत अनुसूची नव्याने करावी लागली आणि पालकांसाठीचे संमतीपत्र सोप्या मराठीत लिहावे लागले, हे तुम्ही मसुद्याच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. तेच त्या महिन्याचे कारण आहे आणि ते चांगले कारण आहे. मैत्रिणींना वाटते तसे कार्यालयाचे नाव घेणे म्हणजे तक्रार करणे नव्हे. तारखा द्या, विशेषणे देऊ नका. 'फाइल टेबलावर पडून होती', 'फेऱ्या मारून थकले' ही तुमच्या मसुद्यातील वाक्ये मॅडमना सहानुभूतीची वाटतील कदाचित, पण हा ईमेल त्यांच्याकडेच थांबणार नाही.

याच मुद्द्यापाशी थोडे थांबू या, कारण तुमची भीती त्याच्याशी जोडलेली आहे. तुम्ही असे धरून चालला आहात की मुदतवाढ मॅडम देणार, म्हणून त्यांचे मन वळवायला हवे. सहसा तसे नसते. मार्गदर्शक शिफारस करतात, विभागप्रमुख किंवा प्राचार्य ती पुढे पाठवतात आणि निर्णय परीक्षेचे वेळापत्रक सांभाळणाऱ्या विभागात होतो. म्हणजे मॅडमना तुमच्या ईमेलवरून स्वतःची शिफारस लिहायची आहे. निरीक्षणगृह आणि बालगृह यांतला फरक ज्याला ठाऊक नाही, अशा माणसालाही तो ईमेल वाचून कारण, पुरावा आणि तारीख कळली पाहिजे. तुम्ही कामचुकार आहात की नाही हा प्रश्न तिथे फारसा उद्भवतच नाही. 'थोडी मुदत मिळाल्यास उपकृत होईन' असे लिहिलेत, तर 'थोडी म्हणजे किती' हे विचारायला मॅडमना पुन्हा तुम्हालाच लिहावे लागेल, आणि वर्षअखेरीच्या गर्दीत तो प्रश्न विचारायचा राहूनही जाईल.

तेव्हा तारीख काढू. अधीक्षकांनी तुम्हाला दर शनिवारी दुपारची वेळ दिली आहे, असे मसुद्यातून दिसते. एका दुपारी दोन मुलाखती होतात. उरल्या आठ, म्हणजे चार शनिवार. कागदावर हिशेब इथे संपतो, पण निरीक्षणगृहात संपत नाही. प्रत्येक मुलाच्या मुलाखतीला दोन गोष्टी लागतात: पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी. अधीक्षकांची परवानगी या दोन्हींची जागा घेत नाही. पालक भेटीच्या दिवशी येतात. जत किंवा आटपाडीकडून येणारी आई त्या आठवड्यात रोजगार बुडवून येऊ शकली नाही, तर तिच्या मुलाची मुलाखत पुढे जाते. शिवाय ज्या मुलाची मुलाखत पुढच्या शनिवारी ठरली आहे, तो त्याआधी जामिनावर घरी गेलेला असू शकतो, आणि ते चांगलेच आहे. कलम १४ नुसार मंडळाने चौकशी मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत पूर्ण करायची असते आणि मंडळ स्वतः ती फार तर आणखी दोन महिने लांबवू शकते. अनेक मुले त्याच्या खूप आधी जामिनावर बाहेर पडतात. ऑगस्टमध्ये तुम्ही ज्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून आराखडा लिहिलात, त्यांतले जानेवारीत फारसे कोणी तिथे नसणार हे ओघानेच आले. म्हणून चार शनिवारांत दोन शनिवार जादा धरा. तथ्यसंकलन २९ मार्चच्या सुमारास संपेल.

त्यापुढे टिपणे आहेत. तुम्हाला ध्वनिमुद्रणाची परवानगी नाही, त्यामुळे हाताने घेतलेली टिपणे त्याच संध्याकाळी सविस्तर लिहून काढावी लागतात. दोन दिवस गेले की मुलाचे शब्द जाऊन तुमचे शब्द उरतात. विश्लेषणाला तीन आठवडे, उरलेल्या दोन प्रकरणांच्या लेखनाला दोन आणि मॅडमच्या वाचनाला एक, असे सहा आठवडे धरले की १० मे येतो. १५ मार्चपासून तो बरोबर आठ आठवडे पुढे आहे. हीच तारीख मागा. घासाघीस होईल म्हणून जास्त मागून ठेवू नका, कारण सोबत वेळापत्रक जोडलेले असले की फुगवलेला आठवडा लगेच दिसतो.

ही तारीख लिहिण्याआधी दोन कागद तपासा. पहिले तुमचे परवानगी पत्र. अशा पत्रात परवानगी कधीपर्यंत आहे हे बहुतेक शेवटच्या परिच्छेदात, अटींच्या मध्ये कुठेतरी दडलेले असते. परवानगी १५ मार्चपर्यंतच असेल, तर विद्यापीठाने मुदत वाढवूनही तुम्ही १६ तारखेला निरीक्षणगृहात पाऊल ठेवू शकणार नाही. तसे असल्यास जिल्हा कार्यालयात मुदतवाढीचा वेगळा अर्ज आजच द्या आणि त्याची पोच ईमेलला जोडा. दुसरे, परीक्षेचे परिपत्रक. ठरलेल्या दिवसानंतर सादर झालेले लघुप्रबंध पुढच्या सत्रात धरले जात असतील, तर निकाल लांबेल, आणि नोकरीचा किंवा पुढच्या प्रवेशाचा अर्ज करताना गुणपत्रक हातात नसेल. ही किंमत तुम्हाला परवडणार आहे का, हे मॅडमना विचारण्याआधी घरी बसून ठरवा.

परवडणार नसेल, तर दुसरी वाट आहे आणि ती कमी प्रतीची नाही. मुलांच्या आठ मुलाखतींवर थांबायचे आणि उरलेली जागा मोठ्यांच्या मुलाखतींनी भरायची: परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, मंडळावरचे समाजकार्यकर्ते सदस्य, विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीवरचे वकील. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन समाजकार्यकर्ते असतात आणि त्यांतली एक तरी महिला असावी लागते. मुलांच्या दिनक्रमाविषयी त्यांचे स्वतंत्र म्हणणे असते आणि ते सहसा कोणी विचारत नाही. मोठ्यांच्या मुलाखतींना पालकांची संमती लागत नाही, त्यामुळे त्या वेगाने होतात. मात्र विषयाचा रोख बदलेल. मुलांचे अनुभव हा प्रबंधाचा एक भाग होईल आणि शीर्षकही थोडे बदलावे लागेल. या बदलाला मॅडमची आणि गरज असल्यास विभागाची मंजुरी लागते, म्हणून हा पर्याय ईमेलमध्येच मांडा. फायलींवरून मुलांची माहिती काढण्याचा तिसरा मार्ग कोणी सुचवला, तर त्या वाटेला जाऊ नका. त्यासाठी तुमच्याकडे परवानगी नाही आणि घाईच्या दिवसांत नेमका तोच मोह होतो.

तुमच्या मसुद्यातील एक परिच्छेद मी इथे छापणार नाही आणि तो तुम्हीही कोणाला पाठवू नये. परिस्थिती किती अवघड आहे हे पटावे म्हणून तुम्ही एका मुलाविषयी लिहिले आहे. त्याचे वय, त्याचे गाव, त्याच्यावरचा आरोप आणि तो सुटला तो आठवडा, एवढे सगळे त्यात आहे. नाव नाही म्हणून ते सुरक्षित आहे असे तुम्हाला वाटले असणार. पण लहान गावात एवढ्या तपशिलावरून मूल ओळखायला कोणालाही वेळ लागणार नाही. अधिनियमाचे कलम ७४ मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यावरून त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील उघड करायला मनाई करते. त्यात वृत्तपत्रे आणि दृक्‌श्राव्य माध्यमांच्या जोडीने संपर्काच्या इतर प्रकारांचाही उल्लेख आहे, आणि उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एक ईमेल या कलमात बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील, पण तो वाद तुम्हाला परवडणारा नाही. मॅडमकडून विभागप्रमुखांकडे, तिथून कार्यालयातल्या सामायिक संगणकावर असा हा ईमेल फिरणार आहे. मुलाखतींची टिपणेही पुरावा म्हणून जोडू नका. 'चार मुलाखती पूर्ण' एवढे पुरते आणि ते पडताळायचे असेल तर अधीक्षकांच्या भेट नोंदवहीत तुमची सही आहे.

आता मी मसुदा नव्याने लिहून देतो. तारखा तुमच्या आहेत. मधली एक तारीख, प्रस्ताव आयुक्तालयाकडे गेल्याची, तुम्ही कळवलेली नाही. ती जिल्हा कार्यालयाच्या जावक नोंदीतून घ्या. तुमच्यासारख्या अडचणीत असलेल्या इतरांनी आपले तपशील घालावेत, पण क्रम असाच ठेवावा. मागणी आणि तारीख आधी येते, कारण नंतर.

> विषय : लघुप्रबंध सादर करण्यासाठी १० मेपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत
>
> आदरणीय मॅडम,
>
> सादर नमस्कार. माझा लघुप्रबंध १५ मार्चऐवजी १० मेपर्यंत सादर करण्याची परवानगी मिळावी आणि त्यासाठी आपण शिफारस करावी, अशी विनंती करण्यासाठी हे लिहीत आहे.
>
> निरीक्षणगृहातील मुलांची भेट घेण्यासाठी महिला व बाल विकास विभागाची लेखी परवानगी आवश्यक असते आणि ती मिळेपर्यंत तथ्यसंकलन सुरू करता येत नाही. मी २५ ऑगस्ट रोजी जिल्हा कार्यालयात अर्ज दिला. ९ ऑक्टोबरच्या त्रुटीपत्रानुसार मुलाखत अनुसूची आणि पालकांचे संमतीपत्र नव्याने तयार केले. या कामाला मला सुमारे एक महिना लागला. त्यानंतर प्रस्ताव (दिनांक …… रोजी) आयुक्तालयाकडे गेला आणि २८ जानेवारी रोजी परवानगी मिळाली.
>
> आजपर्यंत नियोजित १२ पैकी ४ मुलाखती झाल्या आहेत. संस्थेने दर शनिवारी दुपारची वेळ दिली आहे. पालकांची संमती आणि मुलांची उपलब्धता लक्षात घेता उरलेल्या मुलाखती २९ मार्चपर्यंत पूर्ण होतील. पुढील सहा आठवडे विश्लेषण, लेखन आणि आपल्या सूचनांनुसार दुरुस्ती यांसाठी लागतील. पहिली तीन प्रकरणे येत्या सोमवारी आपल्याकडे वाचनासाठी देत आहे.
>
> एवढी मुदतवाढ शक्य नसल्यास मुलांच्या ८ मुलाखतींवर थांबून परिविक्षा अधिकारी, समुपदेशक आणि मंडळाचे सदस्य यांच्या मुलाखती घेण्याचा पर्याय माझ्यासमोर आहे. त्यासाठी आराखड्यात करावे लागणारे बदल एका पानावर लिहून जोडले आहेत. आपल्या सूचनेप्रमाणे मी पुढे जाईन.
>
> विभागप्रमुखांच्या नावे लिहिलेला रीतसर अर्जही सोबत आहे. याविषयी प्रत्यक्ष बोलण्यासाठी आपल्या सोयीच्या वेळी विभागात येईन.
>
> आपली विनम्र,
> (नाव, वर्ग, हजेरी क्रमांक)
>
> सोबत : अर्जाची पोच, त्रुटीपत्र व पूर्ततेची पोच, परवानगी पत्र, आठवडावार वेळापत्रक, आराखड्यातील बदल, विभागप्रमुखांना अर्ज

या ईमेलमधले माझ्या मते सर्वांत कामाचे वाक्य तीन प्रकरणांचे आहे. प्रस्तावना, संदर्भसाहित्याचा आढावा आणि संशोधन पद्धती ही प्रकरणे परवानगीवर अवलंबून नव्हती. ती तयार असतील, तर उशीर कुठे झाला आणि कुठे झाला नाही हे मॅडमना वेगळे सांगावे लागणार नाही. तयार नसतील, तर ते वाक्य तसेच ठेवून पाठवू नका. आधी ती प्रकरणे पूर्ण करा, त्यासाठी ईमेल चार दिवस थांबला तरी चालेल. मार्चमध्ये ढकलू मात्र नका, कारण मुदत संपायच्या आठवड्यात आलेल्या विनंतीची शिफारस करताना मॅडमना तुमच्या बाजूने आणखी एक खुलासा लिहावा लागतो.

जोडपत्रे मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रांच्या रूपात पाठवू नका. शिक्का आणि आवक क्रमांक नीट वाचता येईल असे स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. परवानगी पत्रासोबत मुलांची यादी किंवा एखाद्या मुलाचा प्रकरण क्रमांक असलेले पान आले असेल, तर ते काढून टाका.

ईमेल पाठवल्यावर मॅडमचे उत्तर चार-पाच दिवसांत आले नाही, तर पुन्हा ईमेल न करता विभागात जाऊन भेटा आणि जाताना रीतसर अर्जाची छापील प्रत न्या. आपल्याकडे शिफारशीची सही अजूनही कागदावरच पटकन होते. मॅडमनी होकार दिला तरी तोंडी होकारावर विसंबू नका. परीक्षा विभागाचे पत्र किंवा निदान विभागप्रमुखांच्या शेऱ्यासह अर्जाची प्रत हातात येईपर्यंत १५ मार्च हीच तुमची मुदत आहे असे समजून शनिवार चालू ठेवा.

आणि मुदतवाढ मिळाली की अधीक्षकांनाही लेखी कळवा. मार्च-एप्रिलमध्ये शाळेच्या परीक्षा येतात, मुलांचे दुपारचे वेळापत्रक बदलते आणि तुमची शनिवारची वेळ त्याच सुमारास दुसऱ्या कोणाला दिली जाण्याची शक्यता असते.